मटणाचा रस्सा : वाटीतील प्रथिने

रश्शाची वाटी काट्यावर ठेवून तिच्यातील प्रथिने काढता येत नाहीत. त्या वजनात हाडे, पाणी, वाटण व तेल मिळून मांसापेक्षा बरेच जास्त भरतात. येथे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा पातळ रस्सा धरला आहे.

कोष्टके : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम कच्च्या, हाडांविना मांसात बोकडाची सु. २१, तर मेंढीची सु. १८·५ ग्रॅम प्रथिने दिली आहेत. शिजताना पाणी सुटून मांस आटते, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये हा आकडा सु. २७ पर्यंत जातो. प्रथिने वाढलेली नसतात. नेहमीची चूक म्हणजे हा २७ चा आकडा हाडा-रश्शासकट अख्ख्या वाटीला लावणे.

नमुना हिशेब : बोकडाचे १ किलो मिश्र मटण घेतले. त्यात हाडे २८० ग्रॅम, चरबीसह मांस ७२० ग्रॅम. चरबीमुळे २० टक्के धरले, तर एकूण प्रथिने १४४ ग्रॅम. शिजल्यावर मांस सु. ४६० ग्रॅम उरते आणि रश्शासह टोप २ किलोचा होतो. त्याच्या २५० ग्रॅमच्या ८ वाट्या केल्यास प्रत्येकीत हाडे ३५, मांस ५७ आणि बाकी सगळा रस्सा. मांसातून १५ ते १६ ग्रॅम, रश्शात उतरलेली २ ते ३, म्हणजे वाटीला सु. १८ ग्रॅम प्रथिने. चुकीच्या रीतीने हेच ६७ ग्रॅम आले असते. वाटणातल्या २०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याची भर वाटीमागे १ ग्रॅमच्या आसपास.

अर्थात पळी अशी समान वाटत नाही. वरवरचा रस्सा घेतलेल्या वाटीत २–४ ग्रॅम, तर तळाचे फोडीदार मटण घेणाऱ्याला ३० सुद्धा मिळतील. तवंगाच्या तेलात प्रथिने नसतात. ग्रॅमला ९ उष्मांक मात्र असतात. नळीतला मगज आवडीने ओढला जातो, पण तोही मुख्यतः चरबीच.

हाडांचा अर्क : सांधे व कूर्चेतून रश्शात जिलेटिन उतरते, गार रस्सा थलथलीत होतो तो त्यामुळे. नायट्रोजन मोजून त्याला ६·२५ ने गुणण्याच्या रूढ पद्धतीत ते प्रथिनांतच धरले जाते. त्यात ट्रिप्टोफॅन नसल्याने एकट्या जिलेटिनचे पोषणमूल्य कमी मानतात. मांसासोबत खाल्ल्यास ही उणीव कितपत उरते, हे उरलेल्या आहारावर अवलंबून आहे.

घरी मोजणे : कच्चे मटण तोलून घ्यावे, जेवणानंतर ताटांतली चोखलेली हाडे तोलून वजा करावीत आणि उरलेल्याचे २० टक्के काढावेत. हाडांनी रस्सा शोषलेला असल्याने उत्तर किंचित कमी येते. खाणावळीत कच्चे वजन कळत नाही. तेथे फोडींचे मांस सोडवून तेवढेच तोलणे बरे.

सुके मटण : रस्सा नसल्याने चूक कमी, हाडांची वजावट तीच.