पिठाची विरी

आमच्या मंगळवेढ्याकडच्या बायकांच्या तोंडी एक शब्द असतो: विरी. ‘पीठ विरी गेलं’ किंवा ‘पिठाला विरी न्हाई’ असं त्या म्हणतात. शहरातल्या माणसाला याचा अर्थ सांगायचा झाला, तर एका शब्दात सांगता येत नाही. चिकटपणा म्हणावं, तर गूळही चिकट असतो. लवचिकपणा म्हणावं, तर तो रबरालाही असतो. पाण्यात मळल्यावर ज्वारीचं पीठ एकमेकाला धरून राहतं, हाताखाली पसरतं आणि पसरताना तुटत नाही. हा त्याचा जो गुण, त्याला विरी म्हणतात. हा शब्द गव्हाला कुणी लावत नाही. गव्हाच्या कणकेला स्वतःचीच ओढ असते, ती ताणली तर रबरासारखी मागं येते. ज्वारीत ते द्रव्यच नाही. तिथं सगळी भिस्त पिठातल्या पिष्टावर आणि मळणाऱ्या तळहातावर.

म्हणून भाकरीचं पीठ पोळीच्या कणकेसारखं एकदम मळून झाकून ठेवत नाहीत. काठवटीत एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, पाणी घालायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडत न्यायचं. पीठ मऊ होऊन हाताला लोण्यासारखं लागलं, की त्याचा उंडा करायचा. खाली कोरडं पीठ भुरभुरवून तो बोटांनी थापत, फिरवत वाढवायचा. विरी असली तर कड शेवटपर्यंत गुळगुळीत राहते. विरी नसली तर उंडा तळव्याएवढा होतो न होतो, तोच कडेला चिरा पडायला लागतात. पुढं भाकरी उचलताना तिचे दोन तुकडे होतात, एक हातात आणि एक काठवटीत.

तव्यावरचं कामही त्याच गुणावर चालतं. पीठ लागलेली बाजू वर ठेवून भाकरी तव्यावर टाकायची आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी सुकत आलं, की उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर वरचा थर तडकतो. दुसरी बाजू भाजली, की चुलीच्या तोंडाशी आरावर लावायची. तिथं आतली वाफ कोंडते आणि भाकरी टम्म फुगून पापुद्रा सुटतो. भेगाळलेल्या भाकरीत वाफ कोंडतच नाही, भेगेतून निघून जाते. म्हणून फुगलेली भाकरी ही नुसती शोभा नव्हे. पीठ, पाणी आणि आच तिन्ही बरोबर जमल्याची ती खूण असते.

जात्यावर रोज पहाटे दळत होते, तोवर आमच्याकडं हा शब्द फारसा ऐकू यायचा नाही, असं आजी सांगायची. काल दळलेलं आज संपायचं, विरी जायला वेळच नसायचा. गावात गिरणी आली, बायांचे खांदे सुटले आणि पंधरा-पंधरा दिवसांचं दळण एकदम यायला लागलं. तेव्हापासून डब्याच्या तळाचं पीठ विरी जायला लागलं. दळून आठ-दहा दिवस झाले, की फरक कळतो; पावसाळ्यात त्याआधीच. दळताना गिरणीत पीठ फार तापलं, तरी बाया कुरकुरायच्या.

पण हा शब्द घरोघरी झाला तो बहात्तरच्या दुष्काळात. १९७२ साली पाऊस गेला, आणि त्याच्या आधीची वर्षंही धड नव्हती. मालदांडीची पेवं रिकामी झाली. ती शाळू, पांढरी, मोत्यासारख्या टपोऱ्या दाण्याची. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिच्या जागी रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायला लागली. तिकडं ती मुख्यतः जनावरांना घालतात, हे आम्हांला फार नंतर कळलं. दाणा बारका, तांबडा, साल जाड. बोटीतून, मग गोदामांतून फिरून गावात पोचेपर्यंत तो जुना झालेला असायचा. पीठ तांबूस आणि रवाळ पडायचं. त्याला विरी अशी नव्हतीच.

त्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात नवी सून आली होती. दिवसभर तलावाच्या कामावर माती वाहायची आणि संध्याकाळी सात-आठ माणसांच्या भाकरी करायच्या. तिची एकही भाकरी धड उतरेना. सासू ओट्यावर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायची, ‘‘आईनं काय शिकीवलं का न्हाई? हातच मोडका हाय.’’ आमच्याकडं पोरीच्या हाताची परीक्षा भाकरीवर व्हायची. एकदा नापास झालेली पोर वर्षानुवर्षं नापासच राहायची. एके दिवशी माझी आजी उठून तिकडं गेली. काठवटीतलं पीठ तिनं चिमूटभर भिजवलं, सुपारीएवढी गोळी केली आणि अंगठ्यानं दाबली. गोळीच्या कडा चारी बाजूंनी फाटल्या. ती सासूपुढं धरून आजी म्हणाली, ‘‘हे बघ. पोरीच्या हाताला विरी हाय, पिठाला न्हाई. तू थापून दाव एक.’’

सासूनं थापली नाही. पण त्या संध्याकाळी आजीनं सुनेला उकड काढायला शिकवलं, आणि त्यानंतर त्या घरातली बोलणी कमी झाली, हे मी ऐकलेलं आहे.

उकड म्हणजे अशी. जेवढं पीठ, साधारण तेवढंच पाणी मापून घ्यायचं. त्याला खळखळून आधण आलं, की चवीपुरतं मीठ आणि पीठ टाकून उलथन्याच्या दांड्यानं ढवळायचं, पातेलं खाली उतरवून झाकायचं. दहा मिनिटं वाफ मुरू द्यायची. मग हाताला सोसेल इतपत गरम असतानाच थंड पाण्याचा हात लावून मळायचं. गार झालं तर उपयोग नाही. उकळत्या पाण्यानं पिठातलं पिष्ट अर्धवट शिजतं आणि खळीसारखं चिकट होतं. गेलेली विरी अशी उसनी आणता येते. तिलाही मर्यादा आहे. भाकरी लहान आणि जराशी जाडच थापावी लागते, आणि पीठ कडू झालं असेल तर ते कडूच राहतं. मिलोच्या अगदी रवाळ पिठाची उकडही फुटायची. तेव्हा आजी हट्ट सोडायची आणि त्याच्या कण्या शिजवायची. कण्यांना विरी लागत नाही.

मिलो गेली, पाऊस आला, मालदांडी पुन्हा पेवात पडली. आता शहरात पिशवीतलं ज्वारीचं पीठ मिळतं. ते कधी दळलं, याचा पत्ता तारीख वाचली तरच लागतो. भाचीसुना फोनवर म्हणतात, ‘‘मामा, आम्हांला भाकरी जमतच नाही.’’ मी विचारतो, गोळी दाबून बघितली का? निम्म्याजणींची गोळी फाटलेली निघते. त्यांना सांगतो, दोन किलो ज्वारी आणा, दहा दिवसांपुरतीच दळा, बारीक दळा आणि मग थापा. तरीही तुटली, तर हाताचं बघू.