चार घरांच्या तक्त्याची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोग शोधण्यासाठी माणसांच्या रांगा लावून छातीचे एक्स-रे काढले जात होते. फिल्म कोणती वापरायची हा खर्चाचा प्रश्न होता. मोठी चौदा बाय सतरा इंचांची फिल्म महाग, पस्तीस मिलिमीटरची छोटी स्वस्त. म्हणून १२५६ माणसांचे वेगवेगळ्या चार पद्धतींनी एक्स-रे काढले आणि ते पाच तज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचायला दिले. सर्वांत भरवशाची पद्धत कोणती, एवढंच त्यातून ठरवायचं होतं. निकाल मात्र फिल्मांपेक्षा तज्ज्ञांबद्दलच जास्त बोलला. एकच फिल्म एका तज्ज्ञाला रोगाची वाटली, दुसऱ्याला निरोगी. त्याच तज्ज्ञाला तीच फिल्म काही काळाने पुन्हा दिली, तर त्याचं स्वतःचंही मत बदललेलं दिसलं. फिल्माफिल्मांतल्या फरकापेक्षा वाचणाऱ्यांतला फरक मोठा निघाला.

या गोंधळाला आकड्यांत बसवण्याचं काम अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतले संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी केलं. १९४७च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा लेख आला. त्यातली मुख्य कल्पना अशी की ‘चाचणी किती टक्के बरोबर’ असा एकच आकडा सांगणं फसवं आहे, कारण चुका दोन जातींच्या असतात. रोगी माणसाला निरोगी म्हणणं ही एक, निरोग्याला रोगी म्हणणं ही दुसरी. एकीची किंमत दुसरीने फिटत नाही. म्हणून त्यांनी दोन वेगळे आकडे मागितले. खरोखर रोगी असलेल्यांपैकी किती जण चाचणीने पकडले, ही संवेदनशीलता. खरोखर निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणीने निरोगी म्हटलं, ही विशिष्टता.

हे दोन शब्द त्यांनी नव्याने घडवले नव्हते. उपदंशाच्या रक्ततपासणीत ते आधीपासून रुळलेले होते. १९०६ साली आलेली वासरमान चाचणी कुष्ठरोग आणि मलेरियाच्या रुग्णांमध्येही कधी कधी पॉझिटिव्ह येई, त्यामुळे ती ‘उपदंशालाच विशिष्ट’ आहे का, हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९२०च्या दशकात राष्ट्रसंघाने कोपनहेगनला वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, त्या याच कारणासाठी. प्रयोगशाळेतल्या माणसांच्या तोंडी असलेल्या त्या शब्दांना येरुशाल्मींनी मोजता येईल अशी व्याख्या दिली, आणि चार घरांचा तक्ता साथरोगशास्त्राच्या हाती आला.

तरी एक उणीव उरली. ते दोन्ही आकडे मोजायला माणूस रोगी आहे की निरोगी हे आधी ठाऊक असावं लागतं. तपासायला आलेल्या बाईला याचा काय उपयोग? तिच्या हातात फक्त निकाल असतो आणि तिचा प्रश्न उलट्या दिशेचा असतो: पॉझिटिव्ह आलंय, तर मला रोग असण्याची शक्यता किती? १९६६ साली थॉमस वेक्चिओ यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच प्रश्न घेतला आणि भाकीतमूल्य ही कल्पना डॉक्टरांच्या नित्याच्या वापरात आणली. त्यांचं म्हणणं असं की हे मूल्य चाचणीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तपासलेल्या लोकांत तो रोग किती आहे यावर अवलंबून असतं.

हा तक्ता आपल्याकडे कसा भरला गेला, हे पाहायला मुंबईला यावं लागतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३० ते ६५ वयाच्या ४०३९ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांसाठी पाच चाचण्या एकाच वेळी केल्या. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन चाचण्या इथे पुरेत. एक पॅप स्मीअर, म्हणजे पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. दुसरी व्हीआयए. तिच्यासाठी लागतं ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, ३ ते ५ टक्क्यांचं, एक कापसाचा बोळा आणि चांगला उजेड. बोळ्याने ते आम्ल गर्भाशयमुखावर लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. खरा डाग दाट असतो, त्याची कड स्पष्ट असते आणि तो दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या रेषेला चिकटलेला असतो. पण साध्या दाहामुळेही पांढरट छटा येते, आणि वयानुसार पेशी आपला प्रकार बदलत असतात तिथेही येते. ही छटा फिकट आणि विस्कटलेली असते. पाहणाऱ्याची सगळी कसोटी या दोन पांढऱ्यांत फरक करण्यात लागते.

या अभ्यासाची खरी ताकद एका खर्चिक निर्णयात होती. चाचणी पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, प्रत्येक बाईची कॉल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तपासणी, केली गेली; संशय आला तिथे तुकडा काढून तपासला. नेहमी खर्च वाचवण्यासाठी फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांचीच पुढची तपासणी होते. मग निगेटिव्ह आलेल्यांत लपलेल्या रोगी बायका कुणी मोजतच नाही, निसटलेल्यांचं घर जवळजवळ रिकामं दिसतं आणि संवेदनशीलता फुगते. एखाद्या चाचणीची ९५ टक्क्यांची जाहिरात वाचली, की मी आधी हेच शोधते: निगेटिव्ह आलेल्यांना पुढे कुणी तपासलं होतं का?

मुंबईत व्हीआयएची संवेदनशीलता ५९.७ टक्के आणि विशिष्टता ८८.४ टक्के निघाली. आता समजा, एका वस्तीतल्या १०,००० बायका तपासल्या आणि त्यांतल्या शंभरात एकीला, म्हणजे १०० जणींना, खरोखर गंभीर कर्करोगपूर्व बदल आहेत. हे प्रमाण मी हिशेबासाठी धरलं आहे, बाकी आकडे मुंबईचे. १०० पैकी ५९.७ टक्के म्हणजे साधारण ६० पकडल्या जातील आणि ४० निसटतील. उरलेल्या ९,९०० निरोगी बायकांपैकी ८८.४ टक्के, म्हणजे ८,७५२ जणींना चाचणी बरोबर निगेटिव्ह म्हणेल आणि १,१४८ जणींना उगाच पॉझिटिव्ह.

| | बदल आहेत | बदल नाहीत | एकूण |
|---|---|---|---|
| व्हीआयए पॉझिटिव्ह | ६० | १,१४८ | १,२०८ |
| व्हीआयए निगेटिव्ह | ४० | ८,७५२ | ८,७९२ |
| एकूण | १०० | ९,९०० | १०,००० |

संवेदनशीलता आणि विशिष्टता उभ्या रकान्यांत वाचतात, भाकीतमूल्यं आडव्या ओळींत. पहिली ओळ पाहा. १,२०८ पॉझिटिव्हपैकी खऱ्या फक्त ६०, म्हणजे ५ टक्के. पॉझिटिव्ह निकाल ऐकून रडत घरी गेलेल्या वीस बायकांपैकी एकोणीस जणींना काही झालेलं नसतं. म्हणून तो निकाल सांगताना ‘पुढची तपासणी करायची आहे’ असंच सांगायला हवं. ‘कॅन्सर निघाला’ हे शब्द तिथे येताच कामा नयेत.

दुसरी ओळ दिलासा देते: ८,७९२ निगेटिव्हपैकी ८,७५२ निरोगी, म्हणजे ९९.५ टक्के. पण हा दिलासा तपासून घ्यावा. कसलीही चाचणी न करता दहा हजारांपैकी कुणाही बाईला ‘तू निरोगी आहेस’ म्हटलं असतं, तरी ते ९९ टक्के वेळा खरं ठरलं असतं. चाचणीने त्यात अर्ध्या टक्क्याचीच भर घातली. रोग विरळ असला की निगेटिव्हचं भाकीतमूल्य आपोआप उंच दिसतं; चाचणीच्या चांगुलपणाचा तो पुरावा नव्हे.

आता हीच चाचणी वस्तीतून उचलून स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत नेऊ. तिथे अंगावरून पाणी जातं, मधेच रक्त जातं अशा तक्रारी असलेल्या बायका येतात. त्यांच्यात हे बदल शंभरात पाच जणींना आहेत असं धरू. १०,००० पैकी ५०० रोगी. त्यांतल्या २९९ पकडल्या जातात. ९,५०० निरोग्यांपैकी १,१०२ उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १,४०१, त्यांत खऱ्या २१ टक्के. आम्ल तेच, बोळा तोच, पाहणारी बाईही तीच, तरी पॉझिटिव्हचा अर्थ चौपटीहून अधिक बदलला. वेक्चिओ म्हणत होते ते हेच.

पॅप स्मीअरची मुंबईतली संवेदनशीलता ५७.४ टक्के होती, म्हणजे व्हीआयएच्या जवळपासच. विशिष्टता मात्र ९८.६. त्याच वस्तीत ती ५७ जणींना पकडेल आणि फक्त १३९ जणींना उगाच पाठवेल. पॉझिटिव्हचं भाकीतमूल्य २९ टक्के. तक्ता एवढाच पाहिला तर निवड उघड आहे. पण तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट आहे. स्मीअरला प्रयोगशाळा लागते, काच वाचणारा प्रशिक्षित माणूस लागतो आणि निकाल यायला वेळ लागतो. तोवर घरकाम करणारी बाई दुसऱ्यांदा रजा टाकून येतेच असं नाही. व्हीआयएचा निकाल ती टेबलावरून उठायच्या आत मिळतो.

म्हणून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून जी मोठी चाचपणी केली, तिच्यासाठी व्हीआयए निवडली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, निम्म्या तपासणीच्या गटात. दहावी झालेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला: तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते.

इथे निसटलेल्या ४० जणींचं घर पुन्हा महत्त्वाचं होतं. हे बदल कर्करोगात रूपांतरित व्हायला सहसा वर्षं जातात, त्यामुळे पहिल्या फेरीत सुटलेली बाई दोन वर्षांनी पुढच्या फेरीत पकडीत येऊ शकते. प्रत्येक फेरी स्वतंत्र असती तर चार फेऱ्यांनंतर शंभरात जेमतेम तिघी सुटल्या असत्या. प्रत्यक्षात ते तसं होत नाही, कारण त्याच बाया पुन्हा पुन्हा सुटतात. पाळी गेल्यावर ती भेटीची रेषा आत, नळीत सरकते आणि तिथला डाग डोळ्यांना दिसतच नाही, कितीही वेळा आम्ल लावलं तरी.

एकाच फेरीत काय होतं, याचं उत्तर उस्मानाबाद जिल्ह्यातून, आताच्या धाराशिवमधून, मिळालं. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तिथे ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ बायकांची विभागणी चार गटांत झाली: एचपीव्ही चाचणी, पॅप स्मीअर, व्हीआयए, आणि तुलनेचा गट. तपासणी आयुष्यात एकदाच. २००९ साली आलेल्या निकालात एचपीव्हीच्या गटातले मृत्यू जवळपास निम्मे झाले. स्मीअर आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यू घटल्याचं खात्रीने म्हणता आलं नाही. व्हीआयएच्या एका फेरीने जे साधलं नाही, ते मुंबईत चार फेऱ्यांनी साधलं.

२०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी व्हीआयए तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा दोन फेऱ्यांमधलं अंतर पाच वर्षांचं ठेवलं. तक्त्यातल्या त्या ४० जणींची पुढची संधी आता पाच वर्षांनी येते.