पाच अक्षरांचं क्रियापद: सिरियाक उत्पत्तीतला एक शब्द कसा वाचायचा

मागे एका वाचकाने विचारलं होतं, की स्वरचिन्हंच नसतील तर जुनी सिरियाक पोथी नक्की वाचता कशी? एकच शब्द घेऊन सांगते. सिरियाक बायबल म्हणजे पेशित्ता. त्यातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची दुसरी ओळ सांगते, की सगळीकडे अंधार आहे, खाली पाणी आहे आणि त्या पाण्यावर देवाचा 'रूहा' काहीतरी करतो आहे. 'रूहा' म्हणजे वाराही आणि आत्माही. तो काय करतो आहे, ते सांगणारा शब्द फक्त पाच अक्षरांचा आहे: मीम, रेश, हेथ, पे, आलफ.

लिपी एस्त्रांगेला, म्हणजे सिरियाकचं जुनं, गोलसर वळण. अक्षरं जवळजवळ सगळी व्यंजनं. इथे पहिली काळजी ठिपक्यांची. रेश आणि दालथ ही दोन अक्षरं दिसायला सारखीच असतात. ठिपका वर असेल तर 'र', खाली असेल तर 'द'. पुढे 'पाणी' या शब्दावर दोन आडवे ठिपके दिसतील. त्यांना 'स्यामे' म्हणतात, ती अनेकवचनाची खूण. सिरियाकमध्ये पाणी नेहमी अनेकवचनीच असतं, म्हणून त्या ठिपक्यांवरून 'अनेक जलाशय' असा अर्थ काढायचा नाही.

आता क्रियापद. धातू र-ह-फ. सिरियाकमध्ये एकच धातू वेगवेगळ्या साच्यांत घालतात आणि साच्याबरोबर अर्थ बदलतो. साधा साचा पेआल, मधलं व्यंजन दुहेरी करणारा पाएल, आणि बहुधा 'करायला लावणे' असा अर्थ देणारा आफेल. या तिघांना 'एथ' जोडून आणखी तीन साचे होतात, बहुतेक कर्मणी किंवा स्वतःवर येणाऱ्या अर्थाचे.

आपल्या शब्दाच्या सुरुवातीला 'म' आहे. पेआलच्या धातुसाधिताला हा 'म' लागत नाही, म्हणून पेआल बाद. 'म'नंतर 'त' नाही, म्हणून 'एथ'वाले तिन्ही बाद. उरले पाएल आणि आफेल. इथे लिपी आपल्याला वाऱ्यावर सोडते. पाएल असेल तर उच्चार 'म्रह्हफा', आफेल असेल तर 'मर्हफा', आणि लिखाण दोन्हीचं अगदी एकच. व्यंजनाचं दुहेरीपण सिरियाक लिपीत लिहीतच नाहीत.

मग ठरवायचं कसं? हाच धातू भूतकाळात कसा येतो ते पाहा. आफेल असता तर सुरुवातीला आलफ दिसला असता, पाएलमध्ये तो नसतो. शब्दकोशांत 'घिरट्या घालणे, पंखांखाली उबवणे' हा अर्थ पाएलखाली मिळतो. शिवाय नंतरच्या काळात स्वरचिन्हं घातलेल्या पोथ्यांत 'अ' हा स्वर मीमवर नाही, रेशवर आहे. म्हणून पाएल.

शेवटचा आलफही फसवा आहे. तो स्त्रीलिंगी एकवचनाचा असू शकतो, तसाच पुल्लिंगी निश्चित रूपाचाही. पण इथे शब्द विधेय आहे, आणि विधेय धातुसाधित निश्चित रूपात येत नाही. म्हणजे स्त्रीलिंग. ते जुळतंही, कारण सिरियाकमध्ये 'रूहा' स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'वारा' आणि 'आत्मा' दोन्ही पुल्लिंगी, म्हणून भाषांतरात हे स्त्रीलिंग हरवतं.

'रूहा'च्या शेवटी इथे आलफऐवजी 'हे' हे अक्षर आहे: 'रूहेह', म्हणजे 'त्याचा रूहा', आणि पुढे 'देवाचा'. सिरियाकची ही नेहमीची लकब. त्या 'हे'वर ठिपका असता तर 'तिचा' झालं असतं.

आता खरा प्रश्न: हा वारा की पवित्र आत्मा? कैसरियाचा बासिल चौथ्या शतकात ग्रीक प्रवचनात सांगतो, की एका सिरियाक माणसाकडून त्याला या शब्दाचा अर्थ कळला: पक्षीण अंड्यांवर बसून ऊब देते तसं. त्यावरून बासिल तिथे पवित्र आत्मा पाहतो. त्याच शतकातला एफ्रेम (मृत्यू ३७३) स्वतः सिरियाकमध्ये लिहिणारा. 'उबवणं' म्हणजे निर्मितीत सहभाग, म्हणून हा पवित्र आत्मा, असं काही जण म्हणतात हे त्याला ठाऊक आहे. तरी आपल्या उत्पत्तीच्या भाष्यात तो ते मानत नाही. त्याच्या मते हा वाराच.

भाषा घरची असलेला माणूस एक म्हणतो, ऐकीव माहितीवर विसंबणारा दुसरं. पण म्हणून एफ्रेमच बरोबर, असं व्याकरणाच्या जोरावर म्हणता येत नाही. 'रूहा' वारा असो की आत्मा, क्रियापदाचं रूप तेच राहणार: पाएल, स्त्रीलिंगी, एकवचनी. साचा सांगतो कृती कोणती. कर्ता नक्की कोण, हे ती पाच अक्षरं सांगत नाहीत. या ओळीवरून कुणी 'मूळ सिरियाकमध्ये स्पष्टच लिहिलंय' असं म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा: कुठल्या अक्षरात?