प्रसूतिपूर्व तपासणीत हिंसेची विचारणा : पूर्वअटी, क्रम आणि मर्यादा

प्रथम संज्ञा निश्चित करू. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात हिंसेचे चार प्रकार आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. दवाखान्यात तिचा शोध दोन मार्गांनी घेतला जातो. सर्व स्त्रियांना ठरावीक प्रश्न विचारणे ही छाननी. लक्षणे किंवा परिस्थिती पाहून उपचाराचा भाग म्हणून विचारणे ही विचारणा. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सरसकट छाननीची शिफारस केली नाही. गरोदरपणातील तपासणीत मात्र, प्रतिसादाची क्षमता असेल तेथे, विचारणेचा गांभीर्याने विचार व्हावा, असे तिने 2016 मध्ये सांगितले.

या अटीचे कारण महाराष्ट्रातील अनुभवातून स्पष्ट होते. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने 2000 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हा समुपदेशन विभाग सुरू केला. तेथे प्रश्नानंतर स्त्रीला पाठवण्याचे ठिकाण रुग्णालयातच होते. आरमोरीसारख्या तालुक्यात मात्र संरक्षण अधिकारी आणि गडचिरोलीचे सखी वन स्टॉप सेंटर यांच्याशी संपर्काची रीत आधी ठरवावी लागते. म्हणून पूर्वअटी तीन : एकांत, प्रशिक्षित विचारणारी आणि ठरलेला पुढचा मार्ग. यांपैकी एक जरी नसेल तर प्रश्न विचारू नये.

यांपैकी एकांत सर्वांत दुर्लभ आहे. पडद्याने दृष्टी अडते, आवाज अडत नाही. म्हणून पडद्यामागची जागा एकांत नव्हे. ‘वजन आणि पोट तपासताना सोबतची मंडळी बाहेर थांबतील’ हा नियम सर्वांना लावला, तर एकाच स्त्रीकडे संशयाने पाहिले जात नाही. गोंडी बोलणाऱ्या स्त्रीसाठी नातलग किंवा गावातील व्यक्ती दुभाषी नसावी. आशा त्याच गावची असल्याने तिच्यासमोर विचारण्यापूर्वीही स्त्रीची संमती घ्यावी.

विचारणेचे टप्पे तीन. पहिला, गोपनीयतेची मर्यादा सांगणे. स्त्री 18 वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्यानुसार माहिती कळवणे बंधनकारक आहे. हे उत्तर येण्यापूर्वीच सांगावे. दुसरा, विषयाची सहज ओळख : ‘घरात त्रास झाला तर आईच्या आणि बाळाच्या तब्येतीवर परिणाम होतो, म्हणून विचारते.’ तिसरा, थेट प्रश्न : ‘घरी कोणी मारतं का? कोणाची भीती वाटते का?’ उत्तर ‘नाही’ आले तर आग्रह करू नये. विचारणेचा हेतू कबुली मिळवण्याचा नाही. दार उघडे आहे हे तिला कळावे, इतकाच आहे.

आता प्रतिसाद पाहू. समजा, आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयात सातव्या महिन्यातील स्त्री आली. दंडावर जुने वळ आहेत आणि दोन तपासण्या चुकल्या आहेत. एकांतात ती म्हणते, ‘सिस्टर, ते पिऊन आले की मारतात.’ प्रथम ऐकावे, मग ‘यात तुमची चूक नाही, ताई’ असे सांगावे. ‘का सहन करता?’ हा प्रश्न दोष तिच्याकडे वळवतो, म्हणून तो वर्ज्य. पोटाला मार लागला असल्यास रक्तस्राव आणि बाळाची हालचाल तपासावी. पोटावरील आघाताने वार सुटू शकते.

यानंतर धोक्याचे मापन. प्रश्न सहा : मारहाण सहा महिन्यांत वाढली का, शस्त्र वापरले किंवा त्याची धमकी दिली का, गळा दाबला का, तो जीव घेईल असे वाटते का, गरोदरपणी मारले का, तो सतत हिंसक संशय घेतो का. तीन होकार म्हणजे तातडीचा धोका. गरोदरपणी मार बसत असल्याने या स्त्रीचा एक होकार आधीच मोजलेला आहे. गळा दाबला आणि मारहाण वाढली, असे तिने सांगितले तर तीन पूर्ण होतात. त्या दिवशी तिला केवळ पुढची तारीख देऊन घरी पाठवू नये. तिच्या संमतीने दाखल करून घ्यावे आणि रुग्णालयाच्याच फोनवरून 181 किंवा संरक्षण अधिकारी यांच्याशी बोलू द्यावे. तिच्या मोबाइलवर कॉलची नोंद राहते.

नोंदीतही भेद करावा. माता-बाल संरक्षण कार्ड घरी जाते आणि सर्वांच्या हाती पडते. त्यावर हिंसेचा उल्लेख नसावा. सविस्तर नोंद, जखमांची जागा आणि आकार यांसह, रुग्णालयाच्या केसपेपरात असावी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांतील नियम 17 प्रमाणे घटना अहवाल आधी झाला नसेल, तर रुग्णालयाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत स्त्रीला मोफत द्यायची असते. ही कार्यवाही आधी तिला समजावून सांगावी.

मर्यादा एक उरते. रुग्णालय घर बदलू शकत नाही आणि स्त्रीच्या वतीने निर्णयही घेऊ शकत नाही. म्हणून यशाचे माप तिने घर सोडले की नाही हे नाही. ती पुढच्या तपासणीला सुरक्षित आली आणि तिला पुन्हा बोलावेसे वाटले, तर विचारणा योग्य झाली. तिच्या उत्तरामुळे घरी मार वाढला, तर विचारणा अपायकारक ठरली.