घोरपड कुणी सांगितली?

सिंहगडाच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घोरपड खरी की खोटी? त्याचं उत्तर आजच्या भागात आहेच, पण त्याआधी दुसरा प्रश्न: घोरपडीची गोष्ट आपल्याला मुळात सांगितली कुणी?

पुस्तकात हे सोपं असतं. वाक्यावर छोटा आकडा, पानाच्या तळाशी टीप. तुम्ही मात्र कानात इअरबड घालून लोकलमध्ये उभे असता. कानाला पानाचा तळ नसतो. म्हणून पुरावा वाक्यातच बसवावा लागतो.

आता ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र घेऊ. समजा मी म्हणालो, "तानाजींनी घोरपडीला दोर बांधला, मावळे कडा चढले, ढाल तुटली तरी ते लढले, आणि महाराज म्हणाले, गड आला पण सिंह गेला." ऐकायला झकास. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणचा माल आहे आणि तो सगळा एकाच भावात विकला गेलाय.

वेगळा करून बघू. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली, साधारण १६९७ मध्ये. म्हणजे लढाईनंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी. त्याच्याकडे ढाल तुटल्याचं आहे, तानाजी आणि उदेभान दोघेही पडल्याचं आहे, भाऊ सूर्याजीने लढाई पुढे नेल्याचं आहे. कडा चढायचा प्रसंगही आहे, पण तिथे मावळे वानरासारखे चढतात. घोरपड नाही.

घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तो पोवाडा अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहात छापला गेला. रायबाचं लग्नही पोवाड्यातच आहे. आणि "गड आला पण सिंह गेला" हे शब्द घरोघरी पोहोचले ते हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावामुळे. सभासदाकडे महाराजांचं दुःख आहे, पण त्याचा अर्थ असा की एक गड मिळवला आणि एक गड गमावला. तिथे सिंह नाही.

मग स्क्रिप्ट कशी लिहायची? मी तीन गोष्टी पाळतो.

पहिली, सांगणारा आधी, घटना नंतर. "ढाल तुटली, असं सभासद लिहितो" यापेक्षा "सभासद लिहितो, ढाल तुटली" हे बरं. कारण कान मागे जाऊन दुरुस्ती करत नाही. ढाल एकदा डोळ्यांसमोर तुटली की नंतर आलेलं नाव हवेत विरतं.

दुसरी, सांगणाऱ्याची ओळख एकदाच, पण नीट करून द्यायची: तो कोण, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि लिहिलं ते काय, पत्र, बखर की पोवाडा. पुढे नुसतं "सभासद" म्हटलं तरी पुरतं. पान नंबर वाचून दाखवायचा नाही, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. "इतिहासकार म्हणतात" हेही नको. कोणते इतिहासकार?

तिसरी, क्रियापद जपून वापरायचं. पत्रात "आहे", बखरकार "लिहितो", शाहीर "गातो". आणि ऐकीव गोष्टीसाठी आपल्याकडे "म्हणे" हा तयार शब्द आहेच. "यशवंती नावाची घोरपड होती म्हणे" असं म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं, हे ऐकीव आहे.

तीच गोष्ट आता अशी होते: "सभासदाची बखर या लढाईनंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी लिहिलेली. सभासद लिहितो, मावळे वानरासारखे कडा चढले. तुळशीदास शाहीर मात्र पोवाड्यात घोरपडीचा दोर गातो. इथे पोवाडा संपला. पुन्हा सभासदाकडे येऊ." "इथे संपला" हे शब्द मुद्दाम आहेत. कागदावर अवतरणचिन्ह बंद झालेलं दिसतं, आवाजात ते बोलूनच बंद करावं लागतं.

याने काय फरक पडतो, बघा. गडाचं नाव तानाजींमुळे सिंहगड पडलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण एप्रिल १६६३ चं शिवाजी महाराजांचं पत्र आहे, मोरोपंत आणि निळो सोनदेव यांना लिहिलेलं. त्यात सिंहगड हे नाव आहे. लढाईच्या जवळजवळ सात वर्षं आधी! हे पत्र त्याच काळातलं आहे, हे ऐकणाऱ्याला आधी सांगितलं तरच त्याचं वजन कळतं. नाहीतर ती फक्त आणखी एक गोष्ट, आधीच्या गोष्टीशी भांडणारी.

यात एक मर्यादा आहेच. दर वाक्याला नाव घेतलं तर गोष्ट कोर्टातल्या साक्षीसारखी होते. म्हणून जिथे सगळी साधनं एकमत आहेत, तिथे मी सरळ सांगत जातो: तानाजी त्या लढाईत पडले आणि गड स्वराज्यात आला. जिथे फाटा फुटतो, तिथेच नाव घेतो.

आणि घोरपड? ती पोवाड्यातली आहे. पुढच्या वेळी मित्राला सांगाल तेव्हा शाहिराचं नाव आधी घ्या.