साठवण गिझर : उशिरा तापणे आणि ट्रिप होणे

टाकीत पाणी साठवून विजेच्या एलिमेंटने ते तापवणाऱ्या घरगुती गिझरच्या दोन नेहमीच्या तक्रारी. पाणी वेळेवर तापत नाही ही एक आणि गिझर लावला की वीजपेटीतली कळ पडते ही दुसरी. बोअरचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरांत या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच बिघाडाच्या पुढच्यामागच्या अवस्था असतात. म्हणून पहिलीकडे दुर्लक्ष झाले की काही आठवड्यांनी दुसरी येते. ही नोंद १५ लिटर, २ किलोवॅट, २३० व्होल्ट या सर्वांत प्रचलित प्रकारच्या गिझरविषयी आहे. पाणी वाहता वाहता तापवणारे ३ किलोवॅटचे लहान इन्स्टंट गिझर येथे घेतलेले नाहीत.

गिझर ‘उशिरा’ तापतो म्हणजे किती, हे आधी ठरवावे लागते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांना असेल आणि ते ६० अंशांपर्यंत न्यायचे असेल, तर १५ लिटरला साधारण ७०० वॅट-तास लागतील. २ किलोवॅटचे एलिमेंट तेवढी ऊर्जा २१ मिनिटांत देते. त्यामुळे थंडीत वीस-पंचवीस मिनिटे लागणे हा बिघाड नव्हे. याच पाण्याला चाळीस मिनिटे लागू लागली, किंवा सात मिनिटांतच दिवा विझून पाणी कोमट राहिले, तर मात्र काहीतरी बिघडले आहे. ही दोन लक्षणे एकसारखी वाटली तरी त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत. त्यांतला फरक गिझरवरचा लहान दिवाच सांगतो. बहुतेक गिझरांत हा दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला असतो. एलिमेंटला वीज मिळते तोवर तो पेटलेला राहतो आणि थर्मोस्टॅटने वीज तोडली की विझतो.

दिवा खूप वेळ पेटलेला राहूनही पाणी हळूहळूच तापत असेल, तर एलिमेंटला पुरेशी वीज मिळत नाही. एलिमेंटची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर २००० वॅटचे सुमारे १३६५ वॅट होतात आणि २१ मिनिटांचे काम ३१ मिनिटांवर जाते. शेतीपंप चालू असण्याच्या वेळेत ग्रामीण भागातल्या कित्येक घरांना हा अनुभव येतो. तेथे गिझर उघडून काहीच सापडत नाही. दुसरे कारण म्हणजे सैल जोड. स्विच, सॉकेट किंवा गिझरच्या आतले टर्मिनल यांतला एखादा स्क्रू ढिला झाला की तेथे उष्णता तयार होते, तारेचे वेष्टण तपकिरी पडते आणि जळका वास येतो. अशा वेळी गिझर वापरणे थांबवावे, कारण आगीचा धोका गिझरच्या टाकीपेक्षा त्या सॉकेटमध्ये जास्त असतो.

काहीही न उघडता शक्ती मोजायचा एक सोपा मार्ग घरातल्या वीजमीटरमध्येच असतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरांवर तो ३२०० असतो. पंखे, फ्रिज, दिवे सगळे बंद करून फक्त गिझर लावला, तर अशा मीटरवर मिनिटाला सुमारे १०७ वेळा लुकलुक दिसायला हवी. सत्तरच्या आसपासच दिसली तर एलिमेंट तेराशे वॅटच घेत आहे. वीजतंत्री हेच काम क्लॅम्प मीटरने करतो. चांगल्या एलिमेंटमधून पूर्ण व्होल्टेजला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह जातो. क्लॅम्प दोन्ही तारांभोवती एकत्र घातला तर आकडा शून्य येतो, म्हणून तो एकाच तारेभोवती घालावा लागतो.

दिवा वेळेआधी विझत असेल, तर संशय थर्मोस्टॅटकडे वळतो. पण तो दर वेळी दोषी नसतो. येथे क्षारांविषयीचा एक रूढ समज दुरुस्त करायला हवा. एलिमेंटवर थर बसला की उष्णता आत अडकते आणि म्हणून पाणी उशिरा तापते, असे सर्रास सांगितले जाते. पण एलिमेंट सगळ्या बाजूंनी पाण्यात बुडालेले असते, त्यामुळे त्याची उष्णता पाण्याखेरीज कोठे जाऊच शकत नाही. थर जाड झाला तर एलिमेंटच्या नळीचे तापमान वाढते, पण त्याची शक्ती फार कमी होत नाही. खरे नुकसान दोन ठिकाणी होते. पहिले म्हणजे, थर्मोस्टॅटचा दांडा ज्या नळीत बसवलेला असतो ती एलिमेंटच्या अगदी शेजारी असते. दोघांमधली जागा क्षाराने भरली की एलिमेंटची उष्णता त्या खपल्यांतून थेट थर्मोस्टॅटला पोचते. पाणी कोमट असतानाच त्याला पाणी तापल्यासारखे वाटते आणि तो वीज तोडतो. दुसरे म्हणजे, तापलेली नळी हळूहळू चिरते, आणि येथून ट्रिप होण्याची अवस्था सुरू होते.

एलिमेंटची रचना ध्यानात घेतली की ही चीर का घातक, ते उमगते. बाहेर तांब्याची किंवा निकेल-मिश्रधातूची नळी, आत निक्रोमची वळवलेली तार आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली पूड असते. ही पूड उष्णता जाऊ देते, पण वीज अडवते. मात्र ती ओलावा पटकन शोषते. नळीला केसाएवढी चीर पडली की पूड भिजते आणि तारेतली वीज नळीकडे, तेथून टाकीच्या धातूकडे आणि अर्थिंगकडे झिरपू लागते.

ट्रिप झाल्यावर कोणती कळ पडली ते आधी पाहावे. एमसीबी पडली असेल तर प्रवाह मर्यादेबाहेर गेला आहे. गिझर चुकून ६ अँपिअरच्या दिव्यांच्या लाइनवर जोडलेला आहे, आतल्या तारा जळून एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा एमसीबीच जुनी झाली आहे. ‘टी’ लिहिलेले बटण असलेली आरसीसीबी पडली असेल, तर वीज जमिनीकडे गळते आहे. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते आणि प्रत्यक्षात १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान पडते. ती पडू नये म्हणून तिला वळसा घालून तारा जोडणे किंवा गिझरची अर्थिंगची तार काढून टाकणे, हे दोन्ही उपाय जीवघेणे आहेत. तार काढली की कळ पडायची थांबते, कारण वीज झिरपायला आता नळ आणि आंघोळ करणारा माणूस हाच मार्ग उरतो.

स्विच बंद असताना आरसीसीबी पडली की अनेकजण फसतात आणि गिझर निर्दोष ठरवला जातो. बहुतेक ठिकाणी गिझरचा स्विच फक्त फेजची तार तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. चीर न्यूट्रलच्या टोकाजवळ असेल, तर घरातल्या इतर उपकरणांच्या परतीच्या प्रवाहाचा थोडा भाग त्या वाटेने अर्थिंगला जातो आणि मिक्सर किंवा इस्त्री लावल्यावर कळ पडते. प्लग सॉकेटमधून पूर्ण काढला की कळ पडायची थांबली, तर गळती गिझरमध्येच आहे. दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच बसवला की ही गफलत टळते.

एक नमुना प्रकरण पाहू. पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीत टँकर आणि बोअरचे मिश्र पाणी येते. चार वर्षे जुन्या १५ लिटर गिझरचे पाणी डिसेंबरात कोमटच येऊ लागले. दिवा सात मिनिटांत विझत होता. सात मिनिटांत २ किलोवॅटने २३३ वॅट-तास दिले, म्हणजे १५ लिटर पाणी १३ अंशांनी तापले. वीस अंशांचे पाणी तेहतीसवर आले, आणि तक्रार तशीच होती. थर्मोस्टॅटची खूण शेवटापर्यंत फिरवून काही दिवस निभावले. जानेवारीत गिझर लावून दोन-तीन मिनिटे झाली की आरसीसीबी पडू लागली.

पहिल्या तपासणीत एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये २७ ओहम रोध मिळाला. अपेक्षित आकडा साडेसव्वीसच्या आसपास असतो, म्हणजे तार शाबूत. मग एक टोक आणि टाकी यांच्यामध्ये मल्टिमीटरचा बझर लावला. तो वाजला नाही, म्हणून एलिमेंट चांगले असल्याचा निष्कर्ष निघाला. हाच निष्कर्ष चुकीचा होता. बझर थोड्याच ओहमांच्या रोधावर वाजतो. गळतीचा मार्ग हजारो ओहमांचा असतो. ५०० व्होल्टच्या मेगरने मोजल्यावर थंड एलिमेंटचा रोध फक्त ०.२ मेगओहम आला. तो निदान एक मेगओहमच्या वर हवा, आणि नव्या एलिमेंटचा तर बराच जास्त असतो. थंड असताना यातून एकच मिलिअँपिअरच्या आसपास वीज गळते, म्हणून कळ लगेच पडत नव्हती. तापल्यावर चीर रुंदावते, रोध दहा हजार ओहमांपर्यंत उतरतो आणि गळती २३ मिलिअँपिअरवर जाते. तेवढ्यात आरसीसीबी पडते.

थर्मोस्टॅटची तपासणी त्यातल्या त्यात सोपी. त्याच्या तारा सोडवून, खूण मधोमध ठेवून, दांडा गरम पाण्यात धरला की टक् आवाज होऊन संपर्क तुटायला हवा आणि थंड झाल्यावर परत जुळायला हवा. या प्रकरणात तो नीट तुटत-जुळत होता. म्हणजे वेळेआधी विझणे हे थराचे काम होते, थर्मोस्टॅटचे नव्हे. त्याच्यासोबत एक थर्मल कटआउट असतो आणि तो लहान बटण दाबून परत जोडावा लागतो. तो एकदा पडला तर चालते. पण वारंवार पडत असेल, तर थर्मोस्टॅटचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटलेले असतात आणि पाणी उकळीकडे जात असते. कटआउटला तारेने वळसा घालून गिझर चालवला, तर सुरक्षा झडप अडकलेली असताना टाकी फुटू शकते.

एलिमेंट बदलण्यापूर्वी स्विच नव्हे, वीजपेटीतली एमसीबी बंद करून दोन्ही टर्मिनलांवर टेस्टरने वीज नसल्याची खात्री करावी लागते. पाणी उतरवून फ्लँज काढल्यावर खालच्या बाजूला क्षारांचा चुरा साचलेला दिसतो; तो हाताने काढावा. थर घणाने ठोकून काढू नये, टाकीच्या आतले काचेसारखे अस्तर तडकते. फ्लँजवरच मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड दांडा बसवलेला असतो. टाकीऐवजी स्वतः झिजणारा हा दांडा फार बारीक उरला असेल, तर एलिमेंटसोबत तोही बदलावा, आणि गॅस्केट नवेच घालावे. जुने गॅस्केट परत लावले की पाणी टर्मिनलांवर ठिबकते आणि नव्या एलिमेंटला जुनाच आजार होतो. नवे एलिमेंट त्याच वॅटचे आणि त्याच लांबीचे असावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरावी. नळातून फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नये. एलिमेंट कोरडे तापले तर ते काही मिनिटांत जळते. मग मेगरचा आकडा पुन्हा एकदा घ्यावा, गिझर लावून दिवा विझेपर्यंतची वेळ मोजावी. थर्मोस्टॅट ६० अंशांवर असताना आणि पाणी वीस अंशांचे असताना ती साधारण वीस मिनिटांची यायला हवी. जास्त क्षारयुक्त पाणी असलेल्या घरांत थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांपलीकडे ठेवू नये, कारण पाणी जितके जास्त तापते तितके बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट लवकर होते आणि तेच एलिमेंटवर पुन्हा बसते.