पोत्याचा टाका, पोलक्याची टीप

श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातून निघालेले पन्नास किलोचे पोते किराणा दुकानात दोन तऱ्हांनी उघडते. नवखा पोरगा ब्लेड शोधतो. जुना गडी तोंडाच्या शिवणीचे नेमके टोक हुडकतो, दोरा मोकळा करतो आणि एक हिसका देतो. सर्रकन सगळी शिवण निघून हातात येते. हाच दोरा उलट्या टोकाने ओढला तर मात्र जागचा हलत नाही.

हा साखळी टाका. प्रत्येक फास पुढच्या फासात अडकलेला असतो, म्हणून शेवटचा सुटला की सगळे सुटतात. शिवणयंत्राची कुळकथा याच टाक्यापासून सुरू होते. बार्थेलमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्याने आकडीसारख्या सुईने असा टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट 1830 साली घेतले. पॅरिसमध्ये अशी सुमारे ऐंशी यंत्रे लष्कराचे गणवेश शिवू लागली, आणि 1831 मध्ये शहरातल्या शिंप्यांनी आत घुसून ती मोडून टाकली. आपले पोट कशावर आहे हे त्यांना बरोबर कळले होते.

न उसवणारी टीप यायला आणखी काही वर्षे लागली. अमेरिकेत इलायस हाऊने 1846 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या यंत्राच्या सुईचे नेढे टोकापाशी होते. हातसुईला नेढे मागे असते, कारण ती कापडातून पूर्ण पलीकडे जाते. यंत्राची सुई जात नाही. खाली उतरते आणि केसभर वर येते. त्या केसभर परतण्यानेच सुईमागे दोऱ्याचा छोटा फास फुगतो, आणि खालचा दोरा नेमका त्यातून ओवला जातो. पुढे घरोघरी आलेल्या मशीनमध्ये हे काम बॉबिनभोवती फिरणारी आकडी करू लागली. दोन्ही दोऱ्यांची मिठी कापडाच्या जाडीत पडली तर टीप दोन्हीकडून सारखी दिसते. वरचा दोरा सैल असला की खालच्या बाजूला फास लोंबतात. जास्त ताणलेला असला की तोच वर तारेसारखा सरळ पडतो आणि खालचा दोरा वर डोकावतो. म्हणून शिंपी बेतलेल्या कापडाला हात घालण्याआधी एखाद्या चिंधीवर टीप मारून पाहतो.

वेग किती वाढला? व्हीलर अँड विल्सन कंपनीने 1861 च्या सुमारास मोजले: पुरुषाच्या एका शर्टाला हाताने 14 तास 26 मिनिटे, यंत्रावर 1 तास 16 मिनिटे. आकडे विकणाऱ्याचे आहेत, थोडे हात राखूनच घ्यावेत.

महाराष्ट्रात मात्र गिऱ्हाइकाचीच पंचाईत होती. अंगावर लुगडे आणि धोतर. दोन्हींना शिलाई नाही. सिंगर कंपनीचे मुंबईतले पारशी एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल यांना हीच अडचण आली. त्यामुळे मशीन आधी घरात नव्हे, शिंप्याच्या ओट्यावर पोहोचली. घरात ती रुळली पोलक्या-परकरांच्या निमित्ताने, पुढे शिवणक्लासांतून. यंत्रांवर तुटून पडणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या मशीनला आपल्या टीकेतून वगळले.

कारखान्याने मात्र नुसती मशीन घेतली नाही, शिवणकामच फोडले. घरी किंवा दुकानात एकच माणूस कापड बेततो, कॉलर बसवतो, काज-बटण करतो. कारखान्यात एक जण दिवसभर कॉलरच वळवतो, दुसरा बाहीच जोडतो, आणि अर्धवट कपड्यांचे गठ्ठे पुढे सरकत राहतात. शाळांच्या गणवेशांसाठी नाव मिळवलेल्या सोलापूरला एकाच मापाचे ढीगभर शर्ट लागतात; तिथे हीच रीत परवडते. तिथली वीजमशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते, आणि मग बॉबिन आड येते. तीत दोरा थोडाच मावतो. तो संपला की हात थांबतात. म्हणून कित्येक जागी कारखाना थिमोनिएच्या साखळी टाक्याकडे परतला. त्यात खालचा दोराही रिळातून सलग येतो, नाहीतर लागतच नाही. जीन्सच्या कमरपट्टीला आत उलटून पाहिले तर बहुधा पोत्याच्याच कुळातला टाका दिसतो.

घरच्या आणि कारखान्याच्या कपड्यातला फरक मात्र टाक्यापेक्षा मायेत जास्त. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात. हजारो शर्टांमागे अर्धा अर्धा इंच वाचला तर ठाणच्या ठाण वाचते, म्हणून रेडीमेडमध्ये माया जेमतेम सेंटिमीटरभर. गावातला शिंपी ब्लाऊजच्या कुशीत इंचभर सोडतो आणि तिथे एकीशेजारी एक अशा दोन-तीन टिपा मारतो. अंग भरले की आतली टीप उसवायची, बाहेरची तशीच राहते. उसवलेल्या जागी सुईच्या भोकांची बारीक रांग उरते, आणि तिच्या पलीकडे कापडाचा मूळ रंग, उन्हापाण्याने न विटलेला.